सिलिंडरजवळ गॅसचा वास आला तर पहिल्या दहा मिनिटांत काय करावे, काय करू नये

प्रश्न : काल संध्याकाळी नवा सिलिंडर लावला. आज पहाटे साडेपाचला सासूबाई पूजेसाठी स्वयंपाकघरात गेल्या तर सिलिंडरपाशी गॅसचा वास येत होता. शेगडीचे दोन्ही नॉब बंदच होते. आम्ही एक्झॉस्ट फॅन लावून वास घालवला आणि कामाला लागलो, पण आता भीती वाटते आहे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, सिलिंडर ओट्याखालच्या ट्रॉलीत आहे, शेजारी फ्रिज आहे. अशा वेळी नेमके काय करायचे, काय टाळायचे? रेग्युलेटर आपण काढावा का?

उत्तर :

प्रथम आजचे बोलतो, कारण तो सिलिंडर अजून तसाच जोडलेला असण्याची शक्यता आहे. वास गेला म्हणजे गळती थांबली असे नाही. पुढे वाचण्याआधी रेग्युलेटरचा खटका बंद करा, खिडकी उघडी ठेवा, तो सिलिंडर वापरू नका आणि घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. हा क्रमांक गॅसगळतीसाठीच आहे, दिवसरात्र चालू असतो आणि सिलिंडर कोणत्याही कंपनीचा असला तरी चालतो. मेकॅनिक येऊन तपासेपर्यंत स्वयंपाक दुसरीकडे करावा लागला तरी चालेल.

आता तुमच्या पहाटेच्या प्रसंगाकडे वळतो. मी बरीच वर्षे गॅस वितरकाकडे मेकॅनिक म्हणून आणि पुढे सुरक्षा तपासणीचे काम केले आहे. तुम्ही केलेल्या गोष्टींपैकी सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे एक्झॉस्ट फॅन लावणे. हेतू चांगला होता आणि बहुतेक घरांत हात आधी त्याच बटणाकडे जातो, म्हणून त्याचे कारण नीट सांगतो.

घरगुती सिलिंडरमधला गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. तो सिलिंडरच्या आत दाबाखाली द्रवरूपात असतो आणि बाहेर पडला की त्याचा वायू होतो. हा वायू हवेपेक्षा दीडपट ते दुपटीने जड असतो, त्यामुळे तो छताकडे न जाता खाली उतरतो, फरशीवर पसरतो, ओट्याखालच्या ट्रॉलीत साचतो, फ्रिजच्या मागच्या पोकळीत शिरतो आणि मोरीच्या जाळीतून खाली जातो. तुमच्या घरी सिलिंडर बंद ट्रॉलीत आहे, म्हणजे रात्रभर झिरपलेला गॅस आधी त्या कपाटातच भरला असणार आणि दाराच्या फटीतून हळूहळू फरशीवर आला असणार. एक्झॉस्ट फॅन असतो भिंतीत वर. तो वरची हवा बाहेर टाकतो आणि तिच्या जागी खालची, गॅस मिसळलेली हवा स्वतःकडे ओढतो. म्हणजे जिथे बटणाची आणि मोटरची ठिणगी पडू शकते, तिथेच आपण गॅस नेऊन पोहोचवतो. मी पाहिलेल्या एका घरी दारे-खिडक्या वेळेवर उघडल्या होत्या, रेग्युलेटर बंद केला होता, सगळे बाहेरही आले होते, पण मेकॅनिक पोहोचण्याआधी घरातल्या एकाने उरलासुरला वास घालवायला म्हणून आत जाऊन हाच पंखा लावला. भडका क्षणभराचाच होता. त्या गृहस्थाच्या दोन्ही पायांना गुडघ्यांपर्यंत भाजले होते आणि चेहऱ्याला फारशी झळ नव्हती. गॅस किती खाली होता हे त्या भाजण्यावरून स्पष्ट कळत होते.

किती गॅस पुरतो याचा थोडा हिशेब मांडतो. हवेत हा गॅस साधारण दोन टक्क्यांच्या आसपास झाला की पेट घेऊ शकतो आणि नऊ-साडेनऊ टक्क्यांच्या वर गेला की हवा कमी पडल्याने पेटत नाही. स्वयंपाकघर दहा फूट लांब, आठ फूट रुंद धरा. फरशीपासून एक फुटापर्यंतचा थर घेतला तर तो ८० घनफुटांचा, म्हणजे सुमारे २२५० लिटर हवेचा होतो. त्याचे दोन टक्के म्हणजे ४५ लिटर वायू, आणि तेवढा वायू व्हायला द्रवरूप गॅस लागतो जेमतेम शंभर ग्रॅम. तुमच्या नव्या सिलिंडरमध्ये गॅस आहे १४.२ किलो, म्हणजे १४,२०० ग्रॅम. शेगडीचा लहान बर्नर न पेटवता तासभर उघडा राहिला तरी जवळपास तेवढाच गॅस बाहेर येतो, आणि रात्रीच्या आठ तासांत शंभर ग्रॅम झिरपायला तासाला बारा-तेरा ग्रॅमची गळतीही पुरते, जिचा आवाज ऐकू येत नाही. प्रत्यक्षात गॅस असा सपाट थरात राहत नाही, फटींतून निघूनही जातो, त्यामुळे हा हिशेब ढोबळच आहे. पण रात्री झोपताना जाणवलाही नाही असा वास पहाटे धोक्याचा का होतो, ते यावरून कळेल.

वासाबद्दलही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतो, म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. पेटण्याच्या किमान प्रमाणाच्या पाचव्या भागाइतका गॅस हवेत असला तरी तो वास यावा, असे त्याचे प्रमाण ठेवलेले असते. म्हणजे वास आला त्या क्षणी नाकाजवळची हवा पेटण्याजोगी असेलच असे नाही आणि हातात थोडा वेळ असतो. मात्र नाक जमिनीपासून पाच फुटांवर असते आणि गॅस घोट्यापाशी असतो. शिवाय काही मिनिटे त्या वासात राहिले की नाक त्याला सरावते आणि वास कमी झाल्यासारखा वाटतो. सर्दी असलेल्यांना आणि वयस्कर माणसांना तो मुळातच कमी जाणवतो. म्हणून पंखा लावल्यावर वास गेला, या निरीक्षणावर विसंबू नका.

आता पहाटे साडेपाचला काय करायला हवे होते ते क्रमाने सांगतो. दारात उभे असताना वास आला की पहिले काम म्हणजे हात आवरणे. दिवा लावू नका आणि लागलेला दिवा बंदही करू नका. ही दुसरी गोष्ट लोकांना पटत नाही, पण बटण बंद करताना विजेचा संपर्क तुटतो आणि त्या तुटण्याच्या जागी ठिणगी उडते. बटण चालू करताना उडते त्यापेक्षा ती मोठीही असू शकते. पॅसेजमधला दिवा चालू असेल तर चालूच राहू द्या आणि त्याच उजेडात हालचाल करा. फ्रिजचा प्लग ओढू नका. मिक्सर, पाण्याचा फिल्टर, मोबाइलचा चार्जर, डासांचे मशीन, यांपैकी जे जसे आहे तसे राहू द्या. दारावरची बेल वाजवून शेजाऱ्यांना उठवू नका, दार ठोठावा.

तुमच्याकडे पूजा स्वयंपाकघरात होते म्हणून निरंजनाचा आणि उदबत्तीचा मुद्दा वेगळा सांगतो. काडी ओढायची नाही हे सगळ्यांना माहीत असते. पण बाजूच्या खोलीत आधीच लागलेली समई किंवा धुमसणारी उदबत्ती लक्षात राहत नाही. गॅस फरशीवरून सरकत त्या खोलीपर्यंत जाऊ शकतो आणि समई तर जमिनीवरच ठेवलेली असते. वास अजून स्वयंपाकघरापुरताच असेल तर ती समई आणि उदबत्ती ताबडतोब विझवा. वास समईपाशीही येत असेल तर विझवण्यात वेळ न घालवता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा.

यानंतर गॅसला वाट करून द्यायची. खिडक्या उघडाव्यातच, पण जड गॅससाठी खालपर्यंत उघडणारी वाट अधिक कामाची असते, म्हणून गॅलरीचे दार आणि स्वयंपाकघराचे दार सताड उघडा. ट्रॉलीची दारेही हळूच उघडा, नाहीतर खोलीतला गॅस निघून जाईल आणि कपाटातला तसाच राहील. वारा अजिबात नसेल तर एखादा पुठ्ठा घेऊन फरशीलगतची हवा गॅलरीच्या दिशेने हलवता येते. मात्र हे काम वास हलका असतानाच आणि दाराशी उभे राहून करावे. खोलीच्या मधोमध वाकून करू नये. एक फरक इथेच सांगतो. मुंबई-पुण्यात ज्यांच्याकडे पाइपचा गॅस आहे त्यांचा गॅस मुख्यतः मिथेन असतो. तो हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो आणि वरच्या झडपा उघडल्या की निघून जातो. नातेवाइकांनी पाइपगॅसच्या अनुभवावरून दिलेला सल्ला सिलिंडरच्या घरात पुरा पडत नाही.

विजेचा मुख्य स्विच बंद करावा का, हे मला वारंवार विचारले जाते. तो स्विच घराबाहेर, जिन्यात किंवा खाली मीटरच्या खोलीत असेल आणि तिथे वास नसेल, तर तो जरूर बंद करावा, कारण फ्रिजचा कॉम्प्रेसर आपोआप चालू-बंद होतो आणि त्याच्या रिलेची ठिणगी कोणाच्याही हातात नसते. मात्र घरात इन्व्हर्टर असेल तर थांबा. बाहेरची वीज गेली की इन्व्हर्टर त्याच क्षणी स्वतःच्या रिलेने बॅटरीवर जातो. तो पॅसेजमध्ये किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून जमिनीजवळ ठेवलेला असेल, तर मुख्य स्विच बंद करून आपणच तिथे ठिणगी पाडतो. अशा घरात वीज आहे तशी ठेवून बाहेर पडणे बरे. एमसीबीची पेटी हॉलमध्येच असेल आणि तिथवर वास पोहोचला असेल, तर तिलाही हात लावू नये.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, रेग्युलेटर आपण काढावा का. काढावा, पण ठरावीक परिस्थितीतच. आधी दारातून ऐका. व्हॉल्व्हपाशी मोठ्याने फुसफुस ऐकू येत असेल, सिलिंडरच्या तोंडाशी पांढरे धुके किंवा बर्फासारखा थर दिसत असेल, किंवा वास इतका उग्र असेल की आत पाऊल टाकताच खोकला येतो, तर आत जाऊ नका. घरातले सर्व जण आणि खालच्या-वरच्या मजल्यावरचे शेजारी यांना बाहेर काढा आणि मोकळ्या जागेतून १०१ व १९०६ वर फोन करा. वास हलका असेल, आवाज नसेल आणि दारे उघडून झाली असतील, तर एकाच माणसाने आत जावे. सुती कपडे असतील तर उत्तम. खिशातला मोबाइल बाहेर ठेवून जावे, म्हणजे नेमका त्याच वेळी फोन वाजणार नाही.

आधी रेग्युलेटरचा खटका फिरवून बंद करावा. बंद-चालूच्या खुणा त्यावर कोरलेल्या असतात. दिवसा उजेडात एकदा त्या पाहून हाताला सवय करून ठेवावी. खटका बंद केल्यावर गॅस पाइपमध्ये आणि शेगडीकडे जात नाही. तेव्हा गळती पाइपला, त्याच्या जोडाला किंवा शेगडीच्या नॉबला असेल तर एवढ्यानेच थांबते. व्हॉल्व्हमध्येच दोष असेल तर ती थांबेलच असे नाही आणि तुमच्या बाबतीत मला तोच संशय आहे. खटका बंद असतानाच रेग्युलेटरच्या खालची काळी कडी वर उचलली की रेग्युलेटर सुटतो. तो काढल्याबरोबर सिलिंडरसोबत आलेली दोरीची सेफ्टी कॅप व्हॉल्व्हवर सरळ ठेवून खटकन आवाज येईपर्यंत दाबून बसवावी. ही कॅप धूळ अडवण्यासाठी आहे असे समजून अनेक घरांत ती डिलिव्हरीच्याच दिवशी फेकून देतात. प्रत्यक्षात झिरपणारा व्हॉल्व्ह तात्पुरता बंद करण्याचे घरातले एकमेव साधन तीच आहे. तिची दोरी सिलिंडरच्या कड्याला बांधलेली असावी. पहाटेच्या घाईत ती शोधावी लागू नये.

कॅप बसवल्यावर फुसफुस थांबली तर सिलिंडर उभाच ठेवून बाहेर या. थांबली नाही तर खिळा, स्क्रूड्रायव्हर किंवा बोट घालून व्हॉल्व्हची पिन बसवायचा प्रयत्न करू नका. पिन दाबली की व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो आणि बाहेर येणारा गॅस इतका थंड असतो की कातडीला इजा होते. सिलिंडर आडवा तर कधीच करू नका. उभ्या सिलिंडरमधून वरचा वायू येतो, आडव्यातून द्रव येतो, आणि त्या द्रवाचा वायू झाला की तो सुमारे अडीचशे पट जागा व्यापतो. म्हणजे जी गळती तासाला काही ग्रॅमची होती ती क्षणात हाताबाहेर जाते.

गळका सिलिंडर मोकळ्या जागेत न्यावा असा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तळमजल्याच्या किंवा अंगण असलेल्या घरासाठी तो बरोबर आहे. उभा उचलून, गटार, विहीर, चूल आणि गाड्यांपासून दूर, उघड्यावर ठेवावा. पण तुम्ही दुसऱ्या मजल्यावर राहता. भरलेल्या सिलिंडरचे वजन तीस किलोच्या आसपास असते. गळत्या अवस्थेत तो जिन्यावरून उतरवला तर गॅस पायऱ्यांवरून खाली वाहत सगळा जिना भरतो. लिफ्टमधून नेणे त्याहून वाईट, कारण लिफ्टचा खड्डा इमारतीतली सर्वांत खोल जागा असते आणि तिथे विजेचे संपर्कही असतात. गॅलरीत ठेवला तर गॅस खालच्या गॅलरीत उतरतो आणि तिथे कोणी चहाला काडी ओढत असेल. म्हणून कॅपने गळती थांबली नाही तर वरच्या मजल्यावर सिलिंडर हलवण्याच्या फंदात पडू नये. दारे-खिडक्या उघड्या ठेवून, घर रिकामे करून, खालच्या मजल्यावरच्यांना सावध करून माणसे येईपर्यंत बाहेर थांबावे. वस्तूंसाठी आत जाऊ नये.

बाहेर थांबायचे किती, हे वासावर ठरवायचे, पण वास घेण्याची जागा बदलायची. मेकॅनिक फरशीजवळ बसून, ओट्याखाली, फ्रिजच्या मागे आणि मोरीच्या जाळीपाशी तपासतो. तिथेही वास नसेल तेव्हाच खोली मोकळी झाली असे म्हणतो, आणि त्यानंतरही काही वेळ हवा खेळू दिल्यावरच विजेच्या बटणांना हात लावतो. ओट्याखालच्या ट्रॉल्या एकामागून एक ओढून रिकाम्या ठेवाव्यात, कारण भांड्यांच्या मागे साचलेला गॅस सर्वांत शेवटी जातो.

आता गळतीच्या कारणाविषयी. नवा सिलिंडर लावला त्याच रात्री वास आला आणि शेगडी बंद होती, म्हणजे बहुधा दोष व्हॉल्व्हमधल्या ओ-रिंगचा, म्हणजे आपण ज्याला वॉशर म्हणतो त्याचा आहे. व्हॉल्व्हच्या आतल्या खाचेत काळ्या रबराचे एक लहान कडे असते. रेग्युलेटर बसवला की त्याचे तोंड या कड्याला घट्ट टेकते आणि गॅस बाजूने निसटत नाही. हे कडे चिरलेले, कडक झालेले किंवा खाचेतून निम्मे बाहेर आलेले असेल, तर रेग्युलेटर हाताला नीट बसल्यासारखा वाटतो आणि शेगडीही नेहमीसारखी पेटते. फक्त त्या फटीतून गॅस झिरपत राहतो. मी काढलेल्या कितीतरी कड्यांवरची चीर केसाएवढी बारीक होती. ती कड्याला बोटांत वाकवल्यावरच दिसत असे. कधी कडे मुळातच नसते, म्हणजे आधीच्या ग्राहकाच्या रेग्युलेटरला चिकटून निघून गेलेले असते. यात खुणेची गोष्ट अशी की असा वास शेगडीपाशी येत नाही. तो रेग्युलेटर बसवल्यापासून सिलिंडरच्या तोंडाशी येतो आणि रेग्युलेटर काढून कॅप लावली की थांबतो. कॅपखालूनही फुसफुस येत असेल तर दोष त्याहून खोल, पिनच्या झडपेत आहे आणि तो सिलिंडर बदलूनच घ्यावा लागतो.

वास सिलिंडरपाशी नसून पाइपच्या मागच्या बाजूला येत असेल तर पाइप पाहावा. आता घरोघरी मिळणारा नारिंगी सुरक्षा पाइप आतून तारेच्या जाळीने मजबूत केलेला असतो आणि पाच वर्षांनी बदलायचा असतो. त्याची तारीख पाइपवरच छापलेली असते. साधा रबरी पाइप नोझलच्या टोकाशी, म्हणजे शेगडीच्या उष्णतेजवळ, आधी तडकतो, आणि ट्रॉलीच्या मागे उंदीर असतील तर मधेच कुरतडलेला सापडतो. वास फक्त सकाळी दूध तापवताना किंवा त्यानंतर येत असेल, तर दूध उतू जाऊन बर्नर विझला आणि नॉब उघडाच राहिला, असे प्रकार नेहमी घडतात. त्यात उपकरणाचा दोष नसतो, पण धोका तितकाच असतो.

गळतीची जागा शोधायची ती साबणाच्या फेसाने. काडीने किंवा लायटरने शोधायची नाही, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. हे काम मेकॅनिकनेच करावे असे माझे स्पष्ट मत आहे. तो काय करतो हे माहीत असले की तुम्हाला त्याच्यावर लक्ष ठेवता येते. खोली पूर्ण मोकळी झाल्यावर, शेगडीचे नॉब बंद ठेवून, तो रेग्युलेटर चालू करतो आणि व्हॉल्व्हचा जोड, रेग्युलेटरची नळी, पाइपची दोन्ही टोके आणि नॉबचे दांडे यांवर साबणाचा दाट फेस लावून थोडा वेळ थांबतो. गळती असेल तिथे एकामागून एक बुडबुडे उमटत राहतात. केवळ हाताने चाचपून किंवा वास घेऊन "सगळे ठीक आहे" असे कोणी म्हणाले तर फेस लावून दाखवायला सांगा. ओ-रिंग बदलली असेल तर जुने कडे हातात घेऊन पाहा.

आग लागलीच असेल तर बाब वेगळी होते. ज्योत रेग्युलेटरपाशी लहान असेल आणि तुमच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर नसेल, तर जाड सुती चादर भिजवून ती समोर धरत खटका बंद करता येतो. गॅस बंद झाला की ज्योत विझते. खटका बंद करता येत नसेल तर ज्योत विझवू नका, कारण विझलेल्या ज्योतीमागून न जळलेला गॅस खोलीत भरत राहतो आणि पुढचा भडका मोठा होतो. त्या वेळी बाहेर पडून १०१ ला बोलवावे, आणि सिलिंडर आगीत तापतो आहे हे त्यांना फोनवरच सांगावे. कोणाला भाजले असेल तर वाहत्या साध्या पाण्याखाली ती जागा वीस मिनिटे धरावी, बर्फ, टूथपेस्ट किंवा तेल लावू नये.

तुमच्या घरी पुढचा सिलिंडर येईल तेव्हा तो आत घेण्याआधी दाराशीच एक तपासणी करून घ्या. डिलिव्हरीच्या माणसाला सील आणि कॅप काढायला सांगा, व्हॉल्व्हच्या खाचेत काळे कडे जागेवर आहे का ते पाहा, आणि त्याला खाचेत थोडे पाणी घालायला सांगा. पाण्यात बुडबुडे आले तर तो सिलिंडर तिथूनच परत करा. बुडबुडे नसतील तर पाणी पुसून कोरडे करा आणि रेग्युलेटर त्याच्यासमोर बसवून जोडाला फेस लावा. हे सगळे तो गाडीकडे परत निघण्याआधी व्हायला हवे. शक्य असेल तर सिलिंडर संध्याकाळी न बदलता सकाळी बदला, म्हणजे चुकून काही झिरपत असेल तर सर्व जण जागे असताना, दारे उघडी असताना ते लक्षात येईल. रात्री झोपण्याआधी रेग्युलेटरचा खटका बंद करण्याची सवय पाइप आणि शेगडीच्या गळतीपासून वाचवते, पण ओ-रिंगच्या गळतीत तिचा भरवसा धरता येत नाही. सिलिंडर ट्रॉलीतच ठेवायचा असेल तर त्या ट्रॉलीच्या दाराला अगदी खाली, फरशीलगत, जाळीची मोठी झडप बसवून घ्या. वरच्या बाजूला पाडलेल्या शोभेच्या भोकांचा या गॅससाठी काही उपयोग नाही.